मीच खोडलेला आकडा: सुधारित रिटर्न भरताना

गेल्या वर्षी मी भरलेलं रिटर्न चुकीचं होतं, हे मला ते भरून चार महिने झाल्यावर कळलं. तोवर आयकर खात्याने ते तपासून 'देणं नाही, घेणं नाही' असं पत्रही पाठवलं होतं. त्या पत्रानंतर काही करता येतं की नाही हेच मला ठाऊक नव्हतं आणि त्या आठवडाभरात मी नीट झोपले नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

मी नाशिकला एका खासगी कंपनीत नोकरी करते. आर्थिक वर्ष 2023-24 चं, म्हणजे करनिर्धारण वर्ष 2024-25 चं रिटर्न मी 21 जुलै 2024 ला रविवारी घरी बसून भरलं. फॉर्म आयटीआर-1. घरकर्जावर व्याज चालू असल्यामुळे जुनी करप्रणाली निवडली होती. फॉर्म 16 समोर होता, सगळे आकडे जुळत होते. एकच जुळत नव्हता. पोर्टलने आधीच भरून दिलेल्या माहितीत 'इतर उत्पन्न' या रकान्यात बचत खात्याच्या 6,200 रुपयांच्या व्याजाखाली ठेवींचं व्याज म्हणून 31,460 रुपये दिसत होते.

मी तो आकडा खोडला. कारण ते पैसे मला मिळालेच नव्हते. गावच्या जागेच्या वाटणीत आलेले पावणेसहा लाख मी जून 2023 मध्ये पाच वर्षांच्या एफडीत टाकले होते आणि व्याज मुदतीनंतर एकदम मिळणार होतं. खात्यात एक रुपया जमा झालेला नव्हता. खात्री करावी म्हणून 26एएस उघडून पाहिलं, त्यात बँकेने टीडीएस कापल्याची नोंद नव्हती. मला वाटलं, टीडीएस नाही म्हणजे उत्पन्नही नाही, बँकेने काहीतरी चुकीचं कळवलं असणार. रिटर्न सबमिट केलं, आधार ओटीपीने व्हेरिफाय केलं. 6 ऑगस्टला 143(1) ची सूचना ईमेलवर आली. कर 60,840, कापलेला टीडीएस 60,840, बाकी शून्य. विषय संपला असं वाटलं.

दिवाळी झाल्यावर 11 नोव्हेंबरला मी एफडीवर आईचं नाव वारस म्हणून लावायला बँकेत गेले. काउंटरवरच्या ताईंनी पावती घेतली, खातं उघडलं आणि नाव नीट दिसावं म्हणून स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यात तारखेनिशी ओळी होत्या. सप्टेंबरअखेर व्याज, डिसेंबरअखेर व्याज, मार्चअखेर व्याज. प्रत्येक ओळीनंतर मुद्दल वाढत गेलेलं. मी विचारलं, "हे व्याज तर अजून मिळालं नाही ना?" त्या म्हणाल्या, "मिळालंय की. दर तिमाहीला जमा होतं आणि मुद्दलात जातं. फक्त तुमच्या हातात नंतर येतं."

घरी जाताना रिक्षात मी तो एकच शब्द घोळवत होते, जमा. संध्याकाळी पोर्टलवर एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, डाउनलोड केलं. त्याच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे आपला पॅन छोट्या अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकडी. ठेवींच्या व्याजाखाली बँकेचं नाव, माझा ठेव क्रमांक आणि 31,460. बँकेने बरोबरच कळवलं होतं. टीडीएस नव्हता, कारण त्या वर्षी सर्वसाधारण ठेवीदाराचं एका बँकेतलं वर्षाचं व्याज 40,000 च्या वर गेलं तरच बँक कर कापत असे. ती मर्यादा बँकेने कर कापण्याची आहे, करमाफीची नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

रात्री अकरा वाजता पोर्टलवर शोधाशोध करताना मला 'Rectification' हा पर्याय दिसला. सूचना येऊन गेली आहे, चूक आहे, म्हणजे दुरुस्ती हीच असणार असं वाटून मी आत शिरले. तिथे रिटर्न पुन्हा तपासायला सांगणं, करकपातीची तफावत दुरुस्त करणं असे पर्याय होते. मला हवं होतं ते, म्हणजे नवीन उत्पन्न घालणं, तिथे कुठे दिसेना. सुदैवाने मी काही न भरता बाहेर पडले. माझ्यासारख्या बऱ्याच जणांचा घोळ इथेच होतो, म्हणून स्पष्ट लिहिते. रेक्टिफिकेशन कलम 154 खाली येतं आणि ते नोंदीवरूनच उघड दिसणाऱ्या चुकीसाठी असतं. उदाहरणार्थ, टीडीएस 26एएस मध्ये आहे पण हिशोबात धरला नाही. राहून गेलेलं उत्पन्न दाखवायचं किंवा जास्त घेतलेली वजावट मागे घ्यायची तर सुधारित रिटर्नच भरावं लागतं, कलम 139(5) खाली.

13 तारखेला अर्धी रजा टाकून बँकेतून 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024 या काळाचं व्याजाचं प्रमाणपत्र घेतलं. पैसे लागले नाहीत, वीस मिनिटं थांबावं लागलं. आकडा एआयएसशी तंतोतंत जुळला. ही खात्री आधी करून घ्याच. एआयएस मध्ये कधी एकच ठेव दोनदा येते, कधी जोडखात्याचं व्याज पहिल्या नावावर पूर्ण येतं. तसं असेल तर एआयएस वरच त्या ओळीपुढे अभिप्राय नोंदवता येतो.

रविवारी, 17 तारखेला, मी आमच्या सोसायटीतल्या सीए काकांकडे गेले. त्यांच्याकडे जाताना लाज वाटत होती. कर चुकवणारी बाई असं ते म्हणतील, अशी भीती होती. त्यांनी मात्र आधी ऑगस्टची सूचना मागितली आणि वाचून म्हणाले, "ही आली म्हणून दार बंद होत नाही. ही नुसती आकडेमोडीची तपासणी असते. करनिर्धारण पूर्ण झालेलं नाही आणि 31 डिसेंबर उलटलेला नाही, तोवर रिटर्न सुधारता येतं."

मी विचारलं, व्याज 2028 मध्ये हातात येईल तेव्हा एकदम दाखवलं तर? त्यांनी हे झटकलं नाही, नीट समजावलं. प्रत्यक्ष मिळेल तेव्हा उत्पन्न धरायचं अशी पद्धत कायद्यात आहे, पण मग ती दरवर्षी तशीच पाळावी लागते. बँक तर दरवर्षी व्याज कळवत राहणार, कधी त्यावर टीडीएसही कापणार आणि तुमच्या रिटर्नशी ते दरवर्षी जुळणार नाही. शिवाय शेवटच्या वर्षी पाच वर्षांचं व्याज एकदम उत्पन्नात येऊन वरच्या टप्प्यात जाईल. "पगारदार माणसाने दरवर्षीचं दरवर्षी दाखवून मोकळं व्हावं," हे त्यांचं मत मला पटलं.

मग त्यांनी माझ्या वजावटी एकेक करून वाचायला सुरुवात केली. मला वाटत होतं, चूक एकच आहे. आरोग्यविम्याच्या वजावटीत, कलम 80डी मध्ये, 27,500 होते. माझ्या पॉलिसीचे 15,000 आणि आईच्या पॉलिसीचे 12,500. ते म्हणाले, "आईचा हप्ता कसा भरला?" मार्चमध्ये एजंट घरी आला होता. ऑनलाइन पैसे जाईनात म्हणून मी त्याला रोख दिले होते. पावती फोनमध्ये होती. फोटो मोठा करून पाहिला तर तळाशी लहान अक्षरांत लिहिलं होतं, पैसे भरण्याचा प्रकार: रोख. ती पावती मी स्वतः ऑफिसात दिली होती, ऑफिसने ती धरून फॉर्म 16 केला होता आणि कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. 80डी मध्ये विम्याचा हप्ता रोख भरला तर त्याची वजावट मिळत नाही. रोखीची सवलत फक्त प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीच्या खर्चाला आहे.

"पण फॉर्म 16 मध्ये आहे की," मी म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "फॉर्म 16 कंपनीचा आहे, रिटर्न तुझं आहे. तिथे सही तुझी." फॉर्म 16 पेक्षा कमी वजावट दाखवायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

कागदावर हिशोब मांडला. आधीचं करपात्र उत्पन्न 7,30,000. त्यात ठेवीचं व्याज 31,460 आणि आईच्या हप्त्याचे 12,500 मिळवले की 7,73,960. बचत खात्याच्या व्याजावर 80टीटीए ची वजावट मिळते तशी एफडीच्या व्याजावर मिळते का, हे मी विचारलं. नाही मिळत, ती फक्त बचत खात्याला आहे. ज्येष्ठ नागरिकांची 80टीटीबी वेगळी, तिच्यात एफडीही येते. जुन्या प्रणालीत 7,73,960 वर कर 67,292, त्यावर 4 टक्के उपकर धरून 69,984. टीडीएस 60,840 वजा केला की 9,144, दहाच्या पटीत 9,140 रुपये भरायचे.

"आणि व्याज, दंड?" माझा खरा प्रश्न हा होता. उत्तर शून्य आलं आणि ते का, हेही त्यांनी सांगितलं. मूळ रिटर्न 31 जुलैच्या आत भरलेलं असल्यामुळे उशिराचं शुल्क नाही आणि उशिराचं व्याजही नाही. टीडीएस जाऊन उरलेला कर 10,000 च्या आत असल्यामुळे अग्रिम कर भरायचं बंधन नव्हतं, म्हणून तो न भरल्याचं 234बी आणि 234सी चं व्याजही नाही. बाकी 10,000 किंवा जास्त असती तर ही दोन्ही लागली असती. आणि 31 डिसेंबर हातातून गेला असता तर अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, हा मार्ग उरला असता. त्यात याच कराच्या वर आणखी 25 टक्के, म्हणजे 2,285 रुपये जास्त गेले असते आणि जसा उशीर वाढेल तसे ते टक्केही वाढतात. (त्या वर्षी निवासी व्यक्तींसाठी ही मुदत अगदी शेवटच्या दिवशी 15 जानेवारी 2025 पर्यंत वाढवली गेली, पण नोव्हेंबरात ते कोणाला माहीत असणार?)

काकांनी पैसे घेतले नाहीत. फॉर्म मात्र मीच भरावा असं म्हणाले.

18 तारखेला आधी कर भरला. सुधारित रिटर्नमध्ये चलनाचा तपशील द्यावा लागतो, म्हणून हा क्रम. पोर्टलवर e-Pay Tax मध्ये नवीन पेमेंट घेतलं, आयकर निवडला आणि पुढे दोन ठिकाणी श्वास रोखून पाहिलं. करनिर्धारण वर्ष 2024-25 आणि प्रकार 'Self-Assessment Tax (300)'. नोव्हेंबर 2024 मध्ये 2025-26 हे वर्षही यादीत असतं आणि त्या वर्षाचा अग्रिम कर भरणारे लोक तेच निवडत असतात. घाईत तिथे बोट पडलं तर पैसे भरूनही बाकी तशीच दिसते. मी नेट बँकिंगने भरले, त्याला जादा शुल्क पडलं नाही. चलनाच्या पावतीवरचे तीन तपशील एका कागदावर उतरवून घेतले: बँकेचा सात आकडी बीएसआर कोड, चलनाचा पाच आकडी अनुक्रमांक आणि भरल्याची तारीख.

20 नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. सकाळी मत देऊन आले आणि बोटावरची शाई वाळत असतानाच लॅपटॉप उघडला. e-File मधून रिटर्न भरायला घेतलं, वर्ष 2024-25, ऑनलाइन, पुन्हा आयटीआर-1. सुरुवातीच्या माहितीतच रिटर्न कोणत्या कलमाखाली भरताय हे विचारतात. तिथे 139(5) निवडलं की मूळ रिटर्नचा पंधरा आकडी पोचक्रमांक आणि ते भरल्याची तारीख द्यावी लागते. दोन्ही जुन्या पोचपावतीवर असतात.

इथे मला एक मोठा धक्का बसला. सगळं भरून झाल्यावर हिशोबाच्या पानावर एकवीस हजारांच्या वर बाकी आली, शिवाय व्याजही दिसायला लागलं. हात गार पडले. पंधरा मिनिटं मी एकेक रकाना तपासत होते. मग दिसलं की घरकर्जाचं व्याज, 80सी, सगळं गायब आहे. 2024-25 पासून नवी करप्रणाली मूळची धरली जाते. जुनी हवी तर नवीतून बाहेर पडता का, या प्रश्नाला 'Yes' म्हणावं लागतं. जुलैत मी ते म्हटलं होतं, पण सुधारित रिटर्न हा नवा फॉर्म असतो आणि त्यात तो प्रश्न पुन्हा 'No' वर होता. 'Yes' केल्याबरोबर आकडे जागेवर आले.

जुनी प्रणाली मला पुन्हा निवडता आली, कारण ती मी मूळ रिटर्नमध्ये मुदतीच्या आत निवडली होती. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं तसं झालं नाही. जुलैत तिचे वडील रुग्णालयात होते, रिटर्न राहिलं. तिने सप्टेंबरमध्ये विलंबित रिटर्न भरलं, कलम 139(4) चं. उत्पन्न पाच लाखांच्या वर म्हणून 5,000 रुपये शुल्क तर लागलंच, पण त्याहून जास्त फटका बसला तो करप्रणालीचा. उशिरा भरणाऱ्या पगारदाराला जुनी प्रणाली घेताच येत नाही. तिची घरकर्जाची आणि 80सी ची वजावट त्या वर्षापुरती गेली. त्यामुळे मी आता प्रत्येकाला एवढंच सांगते की सगळे कागद हातात नसले तरी आहे ते घेऊन मुदतीच्या आत रिटर्न भरा. मुदतीत भरलेलं रिटर्न सुधारता येतं, न भरलेलं रिटर्न नंतर मुदतीतलं करता येत नाही.

अजून एक गोष्ट. सुधारित रिटर्न म्हणजे फक्त फरक दाखवायचा नसतो. ते आधीच्या रिटर्नची जागा पूर्णपणे घेतं, म्हणून पगार, घरकर्ज, टीडीएस, बँक खाती सगळं पुन्हा यायला हवं. मी जुन्या रिटर्नची प्रत शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहिली. दोनच ठिकाणी फरक असायला हवा होता, ठेवीचं व्याज आणि 80डी. 80डी च्या रकान्यात आई-वडिलांच्या जागी शून्य केलं आणि स्वतःचे 15,000 ठेवले. भरलेल्या कराच्या जागी चलनाचे तीन तपशील आणि 9,140 टाकले. शेवटच्या ओळीत बाकी शून्य आली तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण माझा चेहरा पाहून ती चहा टाकायला गेली.

सबमिट केल्यावर लगेच आधार ओटीपीने व्हेरिफाय केलं. त्याला 30 दिवस असतात, पण व्हेरिफाय होईपर्यंत रिटर्न भरल्यासारखं होत नाही, म्हणून थांबू नका.

पुढचे एकोणीस दिवस वाट पाहण्यात गेले. पोर्टलवर दोन रिटर्न दिसत होती, एकावर एक. मी रोज सकाळी बघायचे, जे करायची काही गरज नव्हती. 9 डिसेंबरला दुसरी सूचना आली. तिच्यात दोन रकाने असतात, एक आपण दिलेले आकडे आणि दुसरा 143(1) खाली खात्याने काढलेले. खालपर्यंत दोन्ही सारखे असतील तर काम झालं. ठेवीचं व्याज दोन्हीकडे 31,460. बाकी शून्य.

ती सूचना, चलन, बँकेचं प्रमाणपत्र आणि दोन्ही पोचपावत्या मी एका पाकिटात घालून एफडीच्या पावतीसोबत ठेवल्या आहेत. त्याच आठवड्यात ऑफिसच्या हिशोब विभागात चालू वर्षाच्या ठेवीच्या व्याजाचा अंदाज लिहून दिला. आता वर्ष पूर्ण भरणार होतं, म्हणजे 40,000 ची मर्यादा ओलांडून बँकही दहा टक्के कापणार होती. उरलेला कर त्यांनी जानेवारी ते मार्चच्या पगारातून तीन भागांत वळता केला. आईचा मार्चचा हप्ता मी एजंटला बसवून ठेवून, त्याच्यासमोर माझ्या खात्यातून भरला. पावती आली तेव्हा आधी तळाची ओळ वाचली.